बारावं आणि एकोणिसावं : गुरू-राहूची परतफेरी स्वतः कशी काढायची

आमच्याकडे वय सांगायची एक जुनी रीत आहे. पोरगी अकरा वर्षांची पुरी झाली की आजी म्हणते, "बारावं लागलं." अठरा पूर्ण झाली की "एकोणिसावं चालू." शाळेच्या दाखल्यावर हे चुकीचं ठरतं, पण आज ज्या विषयाबद्दल लिहितोय त्यात आजीची रीतच बरोबर ठरते. गुरू जन्मवेळच्या जागी परत येतो तो बारावं चालू असताना, आणि राहू परत येतो तो एकोणिसावं चालू असताना. बाराव्या किंवा एकोणिसाव्या वाढदिवसाला यातलं काहीच होत नाही. नवशिक्यांची पहिली गडबड इथेच होते, म्हणून सुरुवात इथून.

सूर्यसिद्धांतात एका महायुगाची ४३,२०,००० वर्षं धरली आहेत आणि तेवढ्यात गुरूच्या ३,६४,२२० फेऱ्या व राहूच्या २,३२,२३८ फेऱ्या सांगितल्या आहेत. मोबाइलवर भागाकार करून बघा. गुरूची एक फेरी ११.८६ वर्षांची निघते आणि राहूची १८.६० वर्षांची. आजचे वेधही हेच सांगतात. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर तिथल्या शिलालेखाची चौकशी करा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे, साल १२०७. ग्रहांच्या फेऱ्या मोजणं हे आपल्या खान्देशात तेव्हापासून शिकवलं जातंय. माझ्या मते मोजणीचा हा भाग पक्का आहे. त्यावरून आयुष्याचं काय वाचायचं हा परंपरेचा भाग, आणि तो पारखून घ्यायचा. दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

पायरी पहिली : वयाचा अंदाज

११.८६ म्हणजे अकरा वर्षं आणि साधारण सव्वादहा महिने. दर फेरीत बारा वर्षांना पन्नासेक दिवस कमी पडतात आणि ही तूट साठत जाते. पहिली फेरी ११.९ व्या वर्षी, दुसरी २३.७, तिसरी ३५.६, चौथी ४७.४ आणि पाचवी ५९.३ व्या वर्षी. म्हणजे साठीच्या वेळेपर्यंत गुरू आठ महिने आधीच घरी येऊन बसलेला असतो. कुंभमेळ्यातही ही तूट दिसते. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२२ ला अपेक्षित होता, पण गुरू आधीच कुंभ राशीत आला म्हणून मेळा २०२१ ला भरला. बारा वर्षांचा नियम हा हातचा धरलेला आकडा आहे, खरा आकडा त्याहून थोडा कमी.

राहूचं गणित सोपं आहे, कारण तो कायम उलटा, जवळजवळ एकाच चालीने सरकतो. दिवसाला तीन कलांहून जरा जास्त, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि एका राशीत दीड वर्षापेक्षा थोडा जास्त. १८.६, ३७.२, ५५.८ आणि ७४.४ या वयांना तो आपल्या जागी येतो. केतू बरोबर समोर असतो, म्हणून त्याचं वेगळं काही काढावं लागत नाही.

इथे एक घोळ आधीच मोडून टाकतो. विंशोत्तरी दशा म्हणजे आयुष्याचे कालखंड एकेका ग्रहाला वाटून देण्याची पद्धत, आणि तीत राहूची महादशा १८ वर्षांची आणि शनीची १९ वर्षांची असते. एखादा म्हणतो, "माझं एकोणीस वर्षांचं चक्र चालू आहे," तेव्हा तो बहुतेक शनीच्या महादशेबद्दल बोलत असतो. दशा चंद्राच्या नक्षत्रावरून निघते आणि कुणाला बालपणी तर कुणाला म्हातारपणी लागते. राहूची परतफेरी मात्र सगळ्यांना एकाच वयात येते. आकडे जवळजवळचे असले तरी गोष्टी वेगळ्या आहेत.

पायरी दुसरी : जन्माचा गुरू आणि राहू पक्का करा

जन्मतारीख, वेळ आणि गाव घ्या. वेळ दवाखान्याच्या कागदावरून घ्या, घरच्यांच्या आठवणीवरून नको. गुरूचे अंश काढायला तास-दोन तासांच्या चुकीने फरक पडत नाही, तो दिवसाला जास्तीत जास्त चौदा कला चालतो. पण तो कुंडलीच्या बारा घरांपैकी कुठल्या स्थानात बसला हे लग्नावर, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीवर ठरतं, आणि लग्न दोनेक तासांत बदलतं.

माझ्या मामेभावाच्या मुलीचंच उदाहरण घेतो, पुढेही तेच चालवू. जन्म अमळनेर तालुक्यातला, आजी सांगते "९ जूनच्या रात्री". कागदावर १० जून २००२, रात्री १२ वाजून १५ मिनिटं. दोन्ही खरं आहे, पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो आणि कॅलेंडरचा मध्यरात्री. तिची पहिली कॉम्प्युटर कुंडली ज्याने काढली त्याने १२:१५ च्या पुढे AM ऐवजी PM ठेवलं. त्यामुळे सिंह लग्न आलं, गुरू अकराव्या स्थानात आणि राहू दहाव्यात. ती कुंडली आठ वर्षं देवघरात होती. खरं लग्न कुंभ, गुरू पाचव्यात, राहू चौथ्यात आणि केतू दहाव्यात. तपासायची युक्ती सोपी आहे. मध्यरात्रीचा जन्म असेल तर सूर्य कुंडलीच्या खालच्या भागात, चौथ्या स्थानाच्या आसपास दिसायला हवा आणि भरदुपारचा असेल तर दहाव्याच्या आसपास. तिच्या पहिल्या कुंडलीत सूर्य दहाव्यात होता. हे कुणीही बघू शकलं असतं, आम्ही कुणी बघितलं नाही.

आता अंश. कुंडलीच्या घरात लिहिलेला आकडा हा राशीचा क्रमांक असतो, म्हणजे ३ लिहिलं असेल तर मिथुन. पण पंचांगातले स्पष्टग्रह राशी-अंश-कला असे लिहितात आणि तिथे पहिला आकडा पूर्ण झालेल्या राशींचा असतो. २-२५-० म्हणजे दोन राशी ओलांडून तिसऱ्या राशीत २५ अंश, अर्थात मिथुन २५. नवखा माणूस २ बघून वृषभ समजतो आणि अख्ख्या वर्षाने चुकतो. या मुलीचा गुरू मिथुन राशीत २५ अंशांजवळ आणि राहू वृषभेत २४ अंशांजवळ. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहायचं.

पायरी तिसरी : परतीच्या तारखा काढा

११.८६ वर्षं मिळवली की २०१४ चा एप्रिल येतो. पण हा सरासरीचा आकडा झाला. गुरू दरवर्षी चारेक महिने वक्री होतो, म्हणजे उलटा चालताना दिसतो, म्हणून तो एखाद्या अंशावरून एकदाच जातो किंवा पुढे, मागे, परत पुढे असा तीनदा जातो. त्या काळाची पंचांगं उघडा आणि गुरूच्या रकान्यात २-२५ कधी कधी येतं ते बोटाने शोधा. आमच्या घरी जुनी पंचांगं कोठीत दोरीने बांधून ठेवलेली असतात, रद्दीत देऊ नका म्हणून मी भांडतो ते यासाठीच. नसतील तर कॉम्प्युटरवरचं कुठलंही कुंडलीचं सॉफ्टवेअर चालेल, गोचर, म्हणजे ग्रहांची त्या त्या दिवसाची जागा, तारीख पुढेमागे करून बघायची.

तिच्यासाठी पहिल्या फेरीत तीन स्पर्श मिळाले. ऑक्टोबर २०१३ च्या सुरुवातीला मार्गी म्हणजे सरळ चालीत, डिसेंबरच्या मध्याला वक्री आणि मे २०१४ च्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा मार्गी. आठ महिन्यांचा पट्टा. नुसतं "बारावं वर्ष" म्हणण्यापेक्षा हा पट्टा फार उपयोगाचा असतो. परंपरेत या तीन स्पर्शांकडे एकाच गोष्टीचे तीन टप्पे म्हणून बघतात. विषय निघतो, अडतो किंवा फेरविचार होतो, मग मार्गी लागतो. 'मार्गी लागणं' हा शब्दप्रयोग इथे अगदी चपखल बसतो.

राहूसाठी १० जून २००२ मध्ये १८ वर्षं आणि सव्वासात महिने मिळवा, जानेवारी २०२१ चा मध्य येतो. पडताळा बघा. राहू वृषभेत शिरला सप्टेंबर २०२० च्या उत्तरार्धात. तो राशीत शेवटच्या अंशाकडून शिरतो, म्हणजे ३० वरून २४ वर यायला सहा अंश, दिवसाला तीन कलांहून जरा जास्त धरलं तर पावणेचार महिने. बरोबर जानेवारीचा मध्य. राहूच्या बाबतीत अंश उतरत जातात हे विसरलात तर वर्षभराने गल्लत होईल.

दोन ठिकाणी तारखा सरकतात. सॉफ्टवेअरमध्ये राहू 'मध्यम' आणि 'स्पष्ट' अशा दोन प्रकारे निघतो आणि दोघांत दीड अंशापर्यंत फरक पडतो, म्हणजे तारखेत महिनाभर इकडेतिकडे. त्यामुळे राहूची परतफेरी एका तारखेवर ठोकू नका, आगेमागे दीड-दोन महिने धरा. दुसरं म्हणजे अयनांश, राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची ते ठरवणारं अंतर. जन्माची कुंडली दाते पंचांगावरून आणि गोचर टिळक पंचांगावरून बघितलं तर दोघांचे अयनांश वेगळे असल्यामुळे गुरूची तारीख काही आठवड्यांनी हलते. दोन्ही वेळा एकच पंचांग वापरा, कुठलंही असो.

पायरी चौथी : आधी घटना लिहा, मग कुंडली वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळी फसगत तिथेच होते. तारखा समोर ठेवून आठवायला बसलं की मन बरोबर त्या महिन्यातली गोष्ट शोधून काढतं. म्हणून उलटं करायचं. ज्याची कुंडली आहे त्याला तारखा सांगायच्याच नाहीत. घरच्यांना विचारायचं, दहाव्या ते तेराव्या वर्षात काय काय बदललं? शाळेचा दाखला, गुणपत्रक, एसटीचा पास, सातबाऱ्यावरची नोंद, कुणाच्या लग्नाची पत्रिका, जे कागद हाती लागतील त्यांवरून महिना ठरवायचा. मग पट्ट्याशी जुळवायचं.

दुसरी खबरदारी. सहावीच्या वर्गातल्या चाळीस पोरांचा गुरू एकाच सुमाराला परत येतो. त्या वयात सगळ्यांचंच शरीर बदलतं, शाळा बदलते. एकोणिसाव्यात सगळ्यांचंच बारावी उरकून पुढचं काय ते चाललेलं असतं. हे सगळं गुरू-राहूच्या खात्यावर मांडलं तर कुंडली बघायची गरजच उरत नाही. जे वर्गातल्या बाकीच्यांना झालं नाही, ते मोजा. आणि ते परत येणाऱ्या ग्रहाच्या स्थानाशी जुळतं का ते बघा, कारण माणसागणिक वेगळं काय असेल तर ते स्थान.

तिच्या घरी बसून मी हे केलं. २०१३-१४ ला ती सहावीत, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजींनी घरी येऊन सांगितलं की पोरीचं गणित चांगलं आहे, अमळनेरला घाला. महिना आईला आठवला कारण तेव्हा कपाशीची पहिली वेचणी चालू होती. हिवाळ्यात विषय बंद पडला, सकाळची एसटी वेळेवर येत नाही, पोरीला एकटी कशी पाठवायची म्हणून वडील नाही म्हणाले. मेच्या अखेरीस मामाने पुढाकार घेतला, दाखला काढला आणि जूनमध्ये ती सातवीला अमळनेरला गेली. गावातून त्या वर्षी ती एकटीच गेली. पाचवं स्थान विद्येचं, गुरू तिथलाच. हे छान जुळतं. इतकं छान जुळलं की मी थोडा सावध होतो, पण घटना आधी लिहिल्या होत्या हे खरं.

राहूचं तसं नाही. जानेवारी २०२१ मध्ये ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, पण कोरोनामुळे घरीच. नेटवर्कसाठी धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून तास ऐकायची. चौथं स्थान घराचं, राहू तिथे परतला आणि पोरगी घरात अडकली, असं कुणीही म्हणेल. मी ते खोडलं. त्या महिन्यात महाराष्ट्रातलं प्रत्येक कॉलेजचं पोर घरीच होतं, मग त्यांचा राहू कुठल्याही स्थानात असो. उरली ती दुसरी गोष्ट. त्याच संक्रांतीच्या आसपास तिच्या वडिलांची आणि काकांची वाटणी झाली. मधल्या घरात भिंत उभी राहिली, स्वयंपाकघर काकांकडे गेलं आणि हिच्या आईने पडवीत शेगडी मांडली. हे मोजण्यासारखं आहे. त्यातही मी अर्धाच गुण देतो, कारण वाटणीची कुरबुर २०१९ पासून चालू होती.

पायरी पाचवी : परतफेरी कशी वाचायची

फार मोठं शास्त्र इथे लागत नाही. गुरू परत आला की तो ज्या स्थानात बसला आहे त्या गोष्टीचा नवा बारा वर्षांचा हप्ता सुरू होतो असं धरतात. पहिल्या फेरीत बहुतेक वेळा ती गोष्ट दुसरं कुणीतरी ठरवतं, गुरुजी, मामा, वडील. चोविसाव्यात तीच गोष्ट माणूस स्वतः ठरवतो आणि छत्तिसाव्यात ती इतरांसाठी करायची वेळ येते. राहू-केतूचं वाचन नेहमी जोडीने करायचं. राहू ज्या स्थानात त्याकडे ओढ, केतू ज्या स्थानात तिथून सुटका. चौथा-दहावा असेल तर घर आणि काम यांची ओढाताण, पहिला-सातवा असेल तर मी आणि जोडीदार. अठरा वर्षं सात महिने या वयात ही ओढाताण पहिल्यांदा उघडी पडते, साडेसदतिशीच्या आधी दुसऱ्यांदा. छत्तिसावं आणि अडतिसावं लागतं तो काळ मला सगळ्यात वाचनीय वाटतो, कारण गुरूची तिसरी आणि राहूची दुसरी फेरी दीडेक वर्षाच्या अंतराने येतात. एवढ्या जवळ त्या आधी कधी येत नाहीत.

आणि एक अडचण, जी फक्त आपल्याकडेच येते. आपल्या घरांत गोचर गुरू चंद्रराशीपासून बघतात, स्वतःच्या जागेपासून नाही. मुलीची रास वृषभ. गुरू मिथुनेत म्हणजे राशीपासून दुसरा, आणि दुसरा गुरू म्हणजे गुरुबळ, लग्नाला अनुकूल. त्यामुळे गुरू मिथुनेत शिरला तशी तिची आत्या म्हणू लागली, "पोरीले गुरुबळ शे, आखाजीले उरकी टाका." आत्या तिच्या पद्धतीने चुकत नाही. पण हे वेगळं वाचन आहे आणि परतफेरीचं वेगळं. तिचा गुरू पाचव्यात परत येतोय, सातव्यात नाही. दोन्ही मोजपट्ट्या एकाच वाक्यात वापरल्या की कुणालाही काहीही सिद्ध करता येतं, म्हणून वहीत त्यांना वेगवेगळी पानं द्या.

तिच्या दुसऱ्या फेरीचा पट्टा असा निघाला. पहिला स्पर्श सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला, मार्गी. मग गुरू ऑक्टोबरात कर्केत जाऊन डिसेंबरात मिथुनेत परत येतो आणि जानेवारी २०२६ च्या उत्तरार्धात वक्री असताना त्याच अंशावरून मागे जातो. शेवटचा स्पर्श मे २०२६ च्या दुसऱ्या आठवड्याजवळ, मार्गी. तेव्हा तिला तेवीस वर्षं अकरा महिने होतात, म्हणजे आजीच्या हिशेबात चोविसावं चालूच.

मी तिला हे तीन महिने सांगितले नाहीत. मी एक बंद पाकीट तिच्या आईकडे दिलं आणि तिला शंभर पानी वही दिली. दर महिन्याच्या अखेरीस दोन ओळी, जे घडलं ते, का घडलं ते नाही. सप्टेंबरच्या पानावर तिच्या बारीक अक्षरात आहे, "एम.एस्सी.चं गुणपत्रक आलं. तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायला सुरुवात, आठवड्याला नऊ तास. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरची पोरं हसली, कारण मी खडू उलटा धरला होता." पाकीट जूनमध्ये तिच्या वाढदिवसाला उघडायचं ठरलंय.